ऑगस्टमधला पगार त्याच्या हातून होऊ द्या

*मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस पार्ट्सच्या कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स बघते. साठ-बासष्ट कामगार आहेत. पगार, पीएफ, ईएसआय, जीएसटी, टीडीएस, बँक, सगळं माझ्याकडेच. १ जुलैला राजीनामा दिला, ३१ ऑगस्ट शेवटचा दिवस. माझ्या जागी एक बी.कॉम. झालेला मुलगा २१ जुलैला येतोय. साहेब म्हणाले, "जायच्या आधी सगळं लिहून दे." म्हणून रोज रात्री घरी बसून लिहितेय. चाळीस पानं झाली, तरी निम्मं राहिलंय. त्यात साहेबांनी आता जुन्या पाच वर्षांचा स्टॉक जुळवायला सांगितलाय. माझ्यामागे काही अडू नये असं मनापासून वाटतं, पण नवीन नोकरीत गेल्यावरही यांचे फोन येत राहतील अशी भीती वाटते. दोन महिन्यांत हे कसं बसवू?*
*— एक वाचक, भोसरी*

ताई, आधी ती चाळीस पानं मिटून ठेवा. फाडू नका, त्यातलं थोडं कामाला येईल. पण एकेचाळिसावं पान लिहू नका.

मी सव्वीस वर्षं हेच काम केलं, तीन कारखान्यांत. दोनदा माझं काम दुसऱ्याच्या हाती देऊन निघाले आणि दोनदा दुसऱ्याने सोडलेलं काम घेतलं. घेताना मिळालेली जाडजूड वही मी दोन्ही वेळा पहिले चार दिवस वाचली आणि मग कपाटात टाकली. लिहिणाऱ्याने कष्ट घेतले नव्हते असं नाही. पण पीएफचं चलन कसं काढायचं हे त्यात पाच पानं होतं, आणि ते तर पोर्टलवर दिसतंच. अमक्या गिऱ्हाइकाचं बिल २५ तारखेनंतर गेलं तर ते पुढच्या महिन्यात ढकलतात, हे कुठेच नव्हतं. ते मला एक पेमेंट महिनाभर लटकल्यावर कळलं.

तेव्हा आधी कॅलेंडर समोर घ्या. तुमच्या कामाचं चक्र महिन्याचं आहे. ७ तारखेपर्यंत पगार आणि टीडीएसचा भरणा, ११ ला विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला कर भरण्याचं जीएसटीआर-३बी, महिनाअखेर व्यवसायकर. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तोवर जुलैचं बहुतेक चक्र तुमच्या हातून होऊन गेलं असेल. मुलगा २१ ला येतोय. म्हणजे तुम्ही शेजारी असताना त्याला पूर्ण चक्र एकदाच मिळणार, ऑगस्टचं. ते जर तुम्ही केलंत आणि त्याने नुसतं बघितलं, तर त्याचं पहिलं चक्र सप्टेंबरात, तुम्ही नसताना. त्यात १५ सप्टेंबरला पीएफच्या जोडीला आगाऊ आयकराचा हप्ता, आणि यंदा १४ ला गणपती बसतात. त्या आठवड्यात तुम्हाला फोन आला नाही तरच नवल.

म्हणून सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा: ऑगस्टचं चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या हातून व्हायला हवं. बाकी सगळं त्याच्या आधी किंवा त्याच्या नंतर बसवायचं.

साहेबांच्या स्टॉकचं उत्तरही यातच आहे. "जमणार नाही" म्हणू नका, भांडण होईल. कॅलेंडर घेऊन केबिनमध्ये जा आणि विचारा, "साहेब, पाच वर्षांचा स्टॉक जुळवायला मला तीन आठवडे लागतील. ते घेतले तर ऑगस्टचं जीएसटी आणि पीएफ त्या मुलाच्या हातून होणार नाही, सप्टेंबरात तो एकटाच पहिल्यांदा करेल. तुम्हाला यातलं कुठलं हवंय?" मालक माणसाला निवड समोर ठेवली की तो निवडतो. बहुधा स्टॉक सीएकडे जाईल. आणि तरीही त्यांनी स्टॉकच मागितला, तर ते बोलणं त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलवर टाका.

आता मुलगा यायच्या आधीचे जे दिवस आहेत, ते लिहिण्यात घालवू नका. ते किल्ल्या फिरवण्यात घाला. किल्ल्या म्हणजे लॉगिन, त्यावर नोंदवलेले मोबाइल नंबर आणि डिजिटल सहीचं टोकन. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, पण नऊ वर्षं एकहाती काम बघणाऱ्या बाईचा स्वतःचा नंबर निदान चार पोर्टलवर असतोच. जीएसटी, पीएफ, ईएसआय, टीडीएसचं खातं, ई-वे बिल, वीज बिलाचं खातं. कधीतरी २०१७ मध्ये घाईघाईत नोंदणी झाली, साहेब बाहेर होते, म्हणून तुमचा नंबर टाकला आणि तोच राहिला.

माझं हेच झालं होतं. नोकरी सोडून पाच महिने झाले होते. भाचीच्या लग्नात मी अक्षता हातात घेऊन उभी, मंगलाष्टकं चालू, आणि जुन्या कारखान्यातून फोनवर फोन. त्या दिवशी २० तारीख होती. ३बी भरून तयार होतं, फक्त ओटीपी माझ्या फोनवर आला होता. मी मंडपाबाहेर जाऊन सांगितला. चूक त्यांची नव्हती, माझीच होती. निघताना मी पासवर्डांची यादी दिली होती, नंबर बदलून दिला नव्हता. पासवर्ड दिला म्हणजे किल्ली दिली असं आपल्याला वाटतं, पण आता खरी किल्ली ओटीपी आहे.

जीएसटीवर हे बदलायची जागा `Amendment of Registration Non-Core Fields` या नावाखाली आहे. तिथे अधिकृत सही करणाऱ्याचा मोबाइल आणि ईमेल बदलता येतो, नवीन नंबरवर ओटीपी येतो, मग डिजिटल सहीने किंवा ओटीपीने अर्ज पक्का करायचा. हा नंबर त्या मुलाचा टाकू नका. तो दोन वर्षांनी गेला की पुन्हा हाच खेळ. साहेबांचाही टाकायला मी सांगणार नाही, ते प्रवासात असले की काम थांबतं. कंपनीच्या नावाने एक सिम घ्या, एक साधा फोन घ्या, तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहील. ईमेलही तसाच, `accounts` ने सुरू होणारा, कुणाच्या नावाचा नाही. ई-वे बिलाच्या पोर्टलवर नवीन नंबर आलाय का, हे वेगळं तपासा. तिथे त्या मुलासाठी स्वतंत्र सब-युजर करता येतो, तो करून घ्या.

नंबर बदलला यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा घ्या. तुमचा फोन बंद करून पर्समध्ये टाका आणि दुसऱ्या कुणालातरी त्याच्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक पोर्टल उघडायला सांगा. ज्या पोर्टलवर काम अडेल, तिथे अजून तुमचा नंबर आहे. ही परीक्षा जुलैतच घ्या. कागदपत्रांतलं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला तरी एखादं पोर्टल दहा दिवस घेतं.

डिजिटल सहीचं टोकन साहेबांच्या नावाचं असणार, आणि ते तुमच्या ड्रॉवरमध्ये असणार. पासवर्डही तुम्हालाच पाठ. ती सही साहेबांची आहे, तेव्हा टोकन त्यांच्या हातात द्या आणि पासवर्ड त्यांच्यासमोर त्यांनाच टाइप करायला लावा. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, म्हणून तुम्ही असतानाच हे होऊ द्या. टोकनची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर टाका. आणि कपाटात साहेबांनी आधीच सही करून ठेवलेले कोरे चेक असतील, तर (लाजू नका, सगळीकडे असतात) त्यांचे नंबर लिहून ते परत करा, परत मिळाल्याची सही घ्या.

आता लिहिण्याकडे वळू. मी तुम्हाला पानं थांबवायला सांगितली, कारण तुम्ही बहुतेक नियम लिहीत असाल. नियम पोर्टलवर आहेत, सीएकडे आहेत. फक्त तुमच्या डोक्यात आहेत ते अपवाद. आणि गंमत अशी की ते आठवायला बसलं की आठवत नाहीत, कारण तुमच्या हाताला ते अपवाद वाटतच नाहीत. ते बाहेर काढायची माझी एक रीत आहे. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. जी नोंद दर महिन्याला येते तिच्यावर काही करू नका. जी वर्षातून एकदा किंवा दोनदाच येते तिच्यावर खूण करा. कारखान्याच्या लायसन्सचं नूतनीकरण, वजनकाट्याचं मुद्रांकन, अग्निशामक भरून घेणं, विमा, टॅलीचं नूतनीकरण, दिवाळीचा बोनस, हे सगळं त्या खुणांतून वर येतं. मग सीएबरोबरचं व्हॉट्सॲप वर्षभर मागे नेऊन वाचा. त्यांनी तुम्हाला जे जे विचारलं, ते ते त्या नव्या मुलालाही विचारणार आहेत. दोन संध्याकाळचं काम आहे, आणि तुमच्या चाळीस पानांपेक्षा त्यात जास्त माल निघेल.

यातून जे वर्षातून एकदाचं आहे, ते सगळं एकाच कागदावर बारा महिन्यांच्या रकान्यांत लिहा आणि भिंतीवर लावा. तो मुलगा फेब्रुवारीत पगारपत्रक करेल तेव्हा तुम्ही नसाल, आणि व्यवसायकर दोनशेऐवजी तीनशे कापायचा असतो हे त्याला रकान्यातूनच कळायला हवं. नाहीतर तो जानेवारीचीच शीट कॉपी करेल. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं.

महिन्याच्या कामांसाठी एका कामाला एक पान. त्या पानावर मला चारच गोष्टी हव्यात: माहिती कुणाकडून आणि कधी येते, ती आली नाही तर कुणाला गाठायचं, आपल्याकडचे अपवाद कोणते, आणि बरोबर झालं हे कसं ओळखायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि वह्यांमध्ये तीच नसते. कुठलं बटण दाबायचं हे लिहू नका. पोर्टल वर्षातून दोनदा चेहरा बदलतं, बटणं जुनी होतात.

पीएफचं पान कसं दिसेल ते सांगते. हजेरी सुपरवायझरकडून २ तारखेपर्यंत यायला हवी, तो शुक्रवारी गावी गेला की येत नाही, मग गेटवरच्या रजिस्टरवरून काढायची. नवीन कामगाराचा पीएफचा यूएएन नंबर झालेला नसला तर तो फाइलमध्ये घेता येत नाही, म्हणून भरतीच्या दिवशीच आधार मागायचं, पगाराच्या दिवशी नाही. आणि खूण अशी: गेल्या महिन्याची माणसं, अधिक आलेली, वजा गेलेली, म्हणजे या महिन्याची माणसं. जूनमध्ये ६२ होती, जुलैत ४ आली, ३ गेली, तर चलनाच्या फाइलमध्ये ६३ नावं हवीत. ६१ दिसली तर दोघं गळले आहेत, आणि बहुतेक वेळा ते नव्या चौघांपैकीच असतात. रुपयांची बेरीज जुळली तरी हा आकडा आधी बघायचा. हजेरीतच एखादं नाव राहिलं असेल तर पगारपत्रकही चुकीचं असतं आणि चलनही, आणि दोन्हींच्या बेरजा एकमेकांशी छान जुळतात. बस, एवढं एका पानात मावतं.

जीएसटीआर-१ चं पान तुमच्या धंद्यात थोडं अवघड जाईल, कारण रिजेक्शन. समजा चाकणच्या गिऱ्हाइकाला १,२०,००० रुपयांचं बिल गेलं, त्यावर १८ टक्क्यांनी २१,६०० जीएसटी. त्यांनी ८,००० रुपयांचे पीस परत पाठवले आणि सोबत त्यांची डेबिट नोट. मुलगा ती डेबिट नोट बघून टॅलीत एक जर्नल एंट्री टाकेल, गिऱ्हाइकाचं खातं जुळेल, आणि तो खूश होईल. पण आपला कर कमी व्हायचा तर क्रेडिट नोट आपण काढावी लागते आणि ती जीएसटीआर-१ मध्ये जावी लागते. ती काढली नाही तर ८,००० वरचे १,४४० रुपये आपण उगाच भरतो, आणि खातं जुळलेलं असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून त्या पानावर खूण लिहा: महिन्याभरात गिऱ्हाइकांच्या रिजेक्शनच्या डेबिट नोटा जितक्या आल्या, तितक्याच आपल्या क्रेडिट नोटा निघाल्या पाहिजेत. आकडे वेगळे असतील तर ११ तारखेच्या आधी शोधायचं.

आणि आता खरी गोष्ट. ही पानं तुम्ही पूर्ण लिहू नका. प्रत्येक पानावर तुम्ही पाच-सहा ओळी टाका आणि बाकीचं त्या मुलाला लिहू द्या, काम करता करता, त्याच्या अक्षरात. तुम्ही फक्त चुका दुरुस्त करा. त्याने काय लिहिलं नाही, यावरून त्याला काय समजलं नाही ते तुम्हाला दिसेल. तुमचं तुम्ही लिहिलंत तर ते कधीच दिसत नाही.

तो २१ ला आला की पहिल्या आठवड्यात त्याला पोर्टलसमोर बसवू नका. खाली शॉपवर घेऊन जा. प्रेस कुठे आहेत, प्लेटिंगला माल कुठून निघतो, चलन कोण फाडतं, गेटवर कोण सही करतं, हे बघू दे. तुमच्यासारख्या कारखान्यात प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला गेलेला माल हे अकाउंट्सचं दुखणं असतं. जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. आणि प्लेटिंगवाले अर्धवट माल परत पाठवतात, एका चलनाचे तीन तुकडे होतात. कुठल्या चलनातले किती पीस अजून बाहेर आहेत, हा कागद तुम्ही दोघांनी मिळून स्टोअरमध्ये उभं राहून करा. दोन दिवस जातील, जाऊ द्या. हा एक कागद तुम्ही न करता गेलात तर तो मुलगा वर्षभर तो करू शकणार नाही, कारण कुठला प्लेटर पीस मोजून देतो आणि कुठला वजन करून, हे त्याला कुणी सांगणार नाही.

मग ३१ जुलैला टीडीएसचं तिमाही विवरणपत्र जाईल. ते तुम्ही करा आणि त्याने शेजारी बसून बघावं. बघण्याची ही एकच वेळ. त्याच दिवशी एक रेघ मारा: ३१ जुलैपर्यंतची बँक जुळवणी तुमची. जे चेक जमा झाले नाहीत, जी रक्कम कुणाची ते कळत नाही, त्या प्रत्येकापुढे एक वाक्य लिहा. काही नोंदी सुटणारच नाहीत, चार वर्षांपूर्वी दिलेला ॲडव्हान्स, मधेच बंद पडलेला पुरवठादार. त्या साहेबांपुढे ठेवा, निर्णय त्यांचा. त्या मुलाच्या डोक्यावर जुनं ओझं टाकून जाऊ नका. १ ऑगस्टपासूनची प्रत्येक नोंद त्याची.

ऑगस्ट सुरू झाला की तुमची खुर्ची त्याला द्या आणि तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसा. माउसला हात लावायचा नाही. हे तुम्हाला फार जड जाणार आहे. जे काम तुम्ही दहा मिनिटांत करता त्याला तो तास लावेल, चुकीच्या मेनूत जाईल, आणि तुमचा हात आपोआप पुढे येईल. मी चक्क हातात विणकाम घेऊन बसायचे. सुरुवातीला तो विचारेल, "आता कुठे क्लिक करू?" त्याचं उत्तर देऊ नका, "तुला काय वाटतं?" म्हणा. थोड्या दिवसांनी तो विचारेल, "या पार्टीला टीडीएस का नाही कापला?" त्याचं उत्तर मात्र नीट, वेळ घेऊन द्या. पहिल्या तऱ्हेचे प्रश्न कमी होऊन दुसऱ्या तऱ्हेचे वाढले की काम त्याच्या हातात जाऊ लागलंय. २० ऑगस्टपर्यंत पहिल्याच तऱ्हेचे प्रश्न येत असतील तर साहेबांना त्याच दिवशी सांगा, महिना संपल्यावर नाही. तेव्हा सीएच्या ऑफिसातून कुणाला तरी सप्टेंबरात दोन दिवस बसवण्याची सोय त्यांना करता येईल.

चुका होऊ द्या, पण कुठल्या होऊ द्यायच्या ते ठरवा. जीएसटीआर-१ भरून सेव्ह केलं तोपर्यंत सगळं बदलता येतं. म्हणून त्याला सेव्हपर्यंत एकट्याने जाऊ द्या, तिथे थांबवा, दोघांनी मिळून वरची खूण तपासा, मग दाखल करायचं बटण त्यानेच दाबायचं. टीडीएसच्या भरण्यात मात्र शिकण्यासाठी जागा नाही. ७ चा भरणा ८ ला गेला तरी कापल्याच्या महिन्यापासून मोजून दोन महिन्यांचं व्याज लागतं, महिन्याला दीड टक्का. ते काम ५ तारखेला करायची सवय त्याला लावा.

ऑगस्टच्या तारखांत दोन खड्डे आहेत, ते त्याला आधीच शोधायला सांगा, तुम्ही दाखवू नका. १५ ला स्वातंत्र्यदिन, म्हणजे पीएफ आणि ईएसआय १४ च्या आत. आणि २० तारीख गुरुवारी येतेय, तुमच्या एमआयडीसीची सुट्टी. ३बी १९ ला झालं नाही तर मुलगा घरी आणि सिम ड्रॉवरमध्ये. पुरवठादारांच्या बिलांचं पोर्टलवरचं पत्रक, जीएसटीआर-२बी, १४ ला येतं, म्हणजे पुरवठादारांचं जुळवायला त्याला मोजून चार-पाच दिवस मिळतात, त्यात ज्यांची बिलं दिसत नाहीत त्यांना फोन करायचे. नेहमी उशिरा भरणारे कोण हे तुम्हाला माहीत आहे. ती तीन-चार नावं पानावर हवीतच.

२० नंतर तुम्ही त्या खोलीत बसू नका. स्टोअरमध्ये जाऊन बसा, जुन्या फाइली लावा. दिवसातून एकदा, दुपारी चहाच्या वेळी, तो प्रश्नांची यादी घेऊन येईल. त्यापेक्षा जास्त वेळा येऊ लागला तर कुठलं पान कच्चं आहे ते तुम्हाला कळेल, आणि दुरुस्त करायला अजून आठवडा असेल.

एक गोष्ट राहिलीच. पगार तुम्हीच करता, म्हणजे तुमचा स्वतःचा शेवटचा हिशेबही तुमच्याच टेबलावर येणार. तो तुम्ही करू नका, त्या मुलालाही करू देऊ नका, तो तुम्हाला घाबरून काहीही सही करेल. तो सीएंकडून करून घ्या. नऊ वर्षं झालीत, तेव्हा ग्रॅच्युइटी तुमची आहेच: मूळ पगार आणि महागाई भत्ता २६,००० धरला, तर पंधरा दिवसांचे १५,००० गुणिले नऊ, म्हणजे १,३५,०००. आकडा तुम्ही तपासा, पण कागदावर दुसऱ्याची सही असू द्या. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःच काढून घेतले.

३१ ऑगस्ट सोमवार आहे. सकाळी पेटी कॅश दोघांनी मिळून मोजा आणि वहीत त्या आकड्याखाली दोघांच्या सह्या करा. टॅलीतला तुमचा युजर साहेबांसमोर बंद करून घ्या, नुसता पासवर्ड बदलून ठेवू नका. काय काय सोपवलं त्याचा एक पानी कागद करा: पोर्टल आणि त्यावरचा नंबर, टोकन, चेक नंबर, किल्ल्या, बाहेर असलेल्या जॉबवर्क मालाची यादी, साहेबांकडे ठेवलेल्या जुन्या नोंदी. खाली साहेबांची सही आणि तारीख, एक प्रत तुमच्याकडे.

फोनचं त्याच दिवशी ठरवून टाका, तोंडी नको, त्या कागदाखालीच एक ओळ: सप्टेंबरात ७ ते २० या दिवसांत, संध्याकाळी साडेसात ते आठ, फक्त त्या मुलाने फोन करायचा, आणि आधी पान बघून. त्यानंतर सीए. साहेबांना हे आवडणार नाही कदाचित, पण ते सही करतील, कारण तोपर्यंत त्यांनी ऑगस्टमधला पगार त्याच्या हातून झालेला बघितला असेल.